डावीकडे वळणारा ट्रक आणि सायकलस्वार

ब्रिटनच्या ‘हायवे कोड’ या वाहतूक नियमावलीत २९ जानेवारी २०२२ पासून एक तत्त्व स्पष्ट शब्दांत आले: ज्याच्या वाहनामुळे जास्त इजा होऊ शकते, त्याने जास्त काळजी घ्यायची. या उतरंडीत सर्वाधिक संरक्षण पादचाऱ्याला आहे. त्यानंतर सायकलस्वार, घोडेस्वार, मोटारसायकलस्वार आणि मोटारी येतात. सर्वांत जास्त जबाबदारी बस व मालट्रकवर आहे.

यामागचे कारण वस्तुमानात आहे. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या १८ टनी ट्रकमधील गतिज ऊर्जा ताशी २० किलोमीटरने जाणाऱ्या सायकलस्वाराच्या सुमारे साडेचारशे पट असते. चूक कोणाचीही असो, धडकेत मार एकालाच बसतो. म्हणूनच चूक टाळण्याचे ओझेही समान वाटता येत नाही.

चौकात ट्रक डावीकडे वळतो तेव्हा हे नेमके दिसते. ब्रिटनमध्येही आपल्यासारखीच वाहने डाव्या बाजूने चालतात. लांब ट्रकची मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत; ती वळणाच्या आतल्या बाजूने कापत जातात. त्यामुळे चालक आधी थोडा उजवीकडे सरकतो आणि डावीकडे मोकळी जागा दिसू लागते. मागून आलेला सायकलस्वार त्या जागेत शिरतो. केबिनच्या डाव्या बाजूचा काही भाग आरशातही दिसत नाही. ट्रक वळू लागला की ती जागा आवळत जाते आणि सायकलस्वार ट्रक व पदपथाच्या कडेमध्ये अडकतो. म्हणून सरळ जाणाऱ्या सायकलस्वाराच्या आडवे वळू नये, गरज पडल्यास थांबून त्याला जाऊ द्यावे, असे नियमावली सांगते. ज्या रस्त्यात वळायचे, तो ओलांडण्यासाठी थांबलेल्या पादचाऱ्यालाही आधी वाट द्यायची असते.

ट्रकचालकाच्या लेखी परीक्षेत १०० प्रश्नांपैकी ८५ बरोबर यावे लागतात. ‘डावीकडे वळायचे आहे, डाव्या बाजूला सायकलस्वार सरळ चालला आहे, काय कराल?’ अशा धर्तीच्या प्रश्नात वेग वाढवून पुढे काढणे, हॉर्न वाजवणे किंवा आधी मागे थांबणे असे पर्याय असू शकतात. पहिले दोन पर्याय धोका टाळण्याचे काम सायकलस्वारावर ढकलतात. मागे थांबणे हेच उत्तर बरोबर.

धोका ओळखण्याच्या चाचणीत १९ चित्रफिती असतात. सायकलस्वार नुसता दिसणे हा संभाव्य धोका झाला. तो उभ्या मोटारीला वळसा घालण्यासाठी बाहेर येऊ लागला आणि चालकाला वेग कमी करणे भाग पडले, की धोका आकाराला येऊ लागतो. त्या क्षणी लगेच क्लिक केल्यास ५ गुण मिळतात. जसजसा उशीर होतो, तसतसे गुण घटतात. सतत क्लिक करत राहिल्यास त्या चित्रफितीसाठी शून्य मिळते.

या उतरंडीमुळे पादचारी किंवा सायकलस्वाराची जबाबदारी संपत नाही. त्यालाही सिग्नल पाळावे लागतात. वाट देण्याचे हे नियम ‘करावे’ अशा भाषेत आहेत. ते मोडणे हा एवढ्यावरून गुन्हा ठरत नाही. मात्र अपघाताच्या खटल्यात जबाबदारी ठरवताना न्यायालय त्यांचा आधार घेऊ शकते.