मॅकवरचं विंडोज: तडजोड कुठे चालते आणि कुठे नाही

ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ चिपचे मॅक आणले आणि इंटेलच्या मॅकवर सुखाने चालणारी विंडोजची जुनी व्हर्च्युअल मशीन नव्या लॅपटॉपवर निरुपयोगी ठरली. तेव्हापासून अशा लॅपटॉपवर विंडोज टाकू पाहणारा प्रत्येक जण आधी विचारतो, ‘माझं सॉफ्टवेअर एआरएमवर चालेल का?’ मला हा प्रश्न अपुरा वाटतो. ते सॉफ्टवेअर नेमकं कुठे चालतं, हे आधी बघायला हवं. ते स्वतःच्या वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतं, दुसऱ्याच्या प्रोसेसमध्ये शिरून काम करतं, की थेट कर्नलमध्ये बसतं? पहिल्या जागी विंडोज ११ स्वतःच भाषांतर करून घेतं, तिथे एक्स६४ची फाइल चालून जाते. उरलेल्या दोन जागी मात्र एआरएम६४साठी बांधलेलीच फाइल लागते. बहुतेक अडचणी या तीन जागांची गल्लत झाल्याने येतात.

सुरुवात इमेजपासून होते. यूटीएम हे मोफत साधन घेतलं, तर नवं मशीन बनवताना ते पहिल्याच पडद्यावर Virtualize की Emulate असं विचारतं. Virtualize निवडलं, की पाहुण्या विंडोजच्या सूचना मॅकचा प्रोसेसर थेट चालवतो आणि मध्ये दुभाषा राहत नाही. त्यामुळेच इमेज एआरएम६४ची असावी लागते. एक्स६४ची आयएसओ जोडली, तर ‘चुकीची इमेज’ असा स्पष्ट निरोप कुणी देत नाही. काळ्या पडद्यावर फक्त `Shell>` दिसतं, आणि माणूस बूटचा क्रम बदलण्यात संध्याकाळ घालवतो. कारण साधं आहे. एआरएमचं फर्मवेअर इमेजमध्ये `bootaa64.efi` ही फाइल शोधतं, आणि एक्स६४च्या इमेजमध्ये तिच्या जागी `bootx64.efi` असते. म्हणून मशीन बनवण्याआधीच आयएसओ मॅकवर उघडून आत पाहावं:

```
ls /Volumes/*FRE*/efi/boot
```

उघडलेल्या डिस्कच्या नावातही बहुधा `A64FRE` किंवा `X64FRE` असं लिहिलेलं असतं. पूर्वी एआरएमची इमेज मिळवणं हाच खटाटोप होता. नोव्हेंबर २०२४ पासून मायक्रोसॉफ्टच ती आयएसओ डाउनलोडला देते, तेव्हा इतर कुणी बांधून ठेवलेल्या इमेज घ्यायचं आता कारण उरलेलं नाही.

इमेज बरोबर असली, तरी पुढची ठेच ठरलेली आहे. यूटीएम विंडोजसाठी डिस्क एनव्हीएमई प्रकारची देतं. तिचा ड्रायव्हर विंडोजमध्येच असल्याने इन्स्टॉलेशन बिनबोभाट पार पडतं. (ही डिस्क हौसेने बदलून व्हर्टआयओ केली, तर इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही.) नेटवर्क कार्ड मात्र व्हर्टआयओचं असतं आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजकडे नसतो. त्यामुळे पहिल्या सेटअपला, नेटवर्कला जोडा असं सांगणाऱ्या पडद्यावर, सगळं थांबतं. यादी रिकामी असते आणि पुढे जायचं बटण दबत नाही. इथे Shift+F10 दाबून कमांडची खिडकी उघडायची आणि व्हर्टआयओ ड्रायव्हरांची आयएसओ जोडून तिच्यातला नेमका फोल्डर दाखवायचा:

```
pnputil /add-driver E:\NetKVM\w11\ARM64\netkvm.inf /install
```

ड्राइव्हचं अक्षर तुमच्याकडे वेगळं असू शकतं. महत्त्वाचा आहे तो वाटेतला `ARM64`. शेजारीच `amd64` नावाचा फोल्डर असतो, त्यातल्या फाइलचं नावही तेच असतं, आणि सवयीने हात तिकडेच जातो. पण ड्रायव्हर कर्नलमध्ये चालतो, आणि विंडोजचं भाषांतर कर्नलला लागू नाही. कुठल्याही ड्रायव्हरची .inf फाइल नोटपॅडमध्ये उघडून `[Manufacturer]` या भागात `NTARM64` आहे का ते बघावं. तिथे नुसतं `NTamd64` असेल, तर तो ड्रायव्हर पाहुण्या विंडोजला जुळणारच नाही. ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ लावून किंवा ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून त्यात काडीचा फरक पडत नाही.

सर्वांत फसवी आहे ती मधली जागा, म्हणजे दुसऱ्याच्या प्रोसेसमध्ये शिरणाऱ्या डीएलएल. एआरएम६४च्या प्रोसेसला एक्स६४ची डीएलएल आत घेता येत नाही. मराठीत टाइप करणाऱ्याला हे लगेच जाणवेल. विंडोजसोबत येणारे मराठीचे इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक कीबोर्ड एआरएमवर नीट चालतात, कारण ते विंडोजचेच आहेत. बाहेरून आणलेलं टायपिंगचं सॉफ्टवेअर फक्त एक्स६४चं असेल, तर ते इन्स्टॉल होतं, यादीत दिसतं, एखाद्या एक्स६४ ॲपमध्ये मराठी उमटवतंही. पण विंडोजच्या नोटपॅडमध्ये अक्षर पडत नाही. कारण नोटपॅड एआरएम६४चं आहे. अशी लक्षणं दिसली, की टास्क मॅनेजरच्या Details यादीत Architecture हा रकाना चालू करावा. कोणतं ॲप कुठल्या जातीचं, ते तिथे नावासमोरच लिहिलेलं असतं. प्रिंटरची गोष्टही अशीच. प्रिंट स्पूलर एआरएम६४चा असतो, म्हणून कंपनीच्या एक्स६४ ड्रायव्हरचा त्याला उपयोग नाही. नेटवर्कवरचा प्रिंटर आयपीपी ओळखत असेल, तर विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर वापरणं हाच खरा उपाय.

यावर कुणी म्हणेल, एवढं सांभाळायचं कशाला? Emulate निवडून अख्खं एक्स६४ विंडोजच चालवावं, म्हणजे ड्रायव्हरांचा प्रश्नच मिटला. तो मिटतो हे खरं. पण मग कर्नलसकट प्रत्येक सूचनेचं भाषांतर करावं लागतं, आणि विंडोज ११ इतकं संथ होतं की रोजचं काम त्यावर होत नाही. विंडोज एक्सपीच्या काळातलं एखादं हलकं सॉफ्टवेअर अधूनमधून उघडायला तो मार्ग ठीक आहे. रोझेटाचीही आशा नको, कारण एक्स६४ची आख्खी व्हर्च्युअल मशीन चालवणं तिच्या कक्षेत येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पाहुण्या विंडोजमध्ये एक्स६४ची ॲप भाषांतरूनच चालणार असतील, तर बाकी सगळं नेटिव्ह ठेवून काय साधलं? साधतं ते असं, की भाषांतर फक्त त्या ॲपच्या स्वतःच्या कोडचं होतं. फाइल, नेटवर्क, मेमरी यांसाठी ॲप कर्नलकडे गेलं, की तिथलं काम नेटिव्ह वेगाने होतं. शिवाय केलेलं भाषांतर विंडोज साठवून ठेवतं. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीत प्रिझम हा नवा भाषांतरकार आला, तेव्हा हिशेबाची किंवा कार्यालयीन एक्स६४ सॉफ्टवेअर एआरएमची नाहीत म्हणून अडून बसू नये. थ्रीडीचं काम असेल, तर मात्र यूटीएमऐवजी पॅरलल्स किंवा व्हीएमवेअर फ्युजन घ्यावं; दोघांकडे डायरेक्टएक्स ११ चालवणारा ग्राफिक्स ड्रायव्हर आहे. फ्युजन आता मोफत आहे, आणि पॅरलल्सच्या १८व्या आवृत्तीला मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२३ मध्ये विंडोज ११ प्रो व एंटरप्राइझसाठी अधिकृत मान्यता दिली.

या सगळ्यानंतरही एक गट उरतो, आणि त्याला खोटी आशा दाखवणं बरोबर नाही. यूएसबी डोंगल लावल्याशिवाय न उघडणारी जुनी डीटीपीची पॅकेजेस, प्रयोगशाळेतली किंवा कारखान्यातली यंत्रं, जुने स्कॅनर यांचे ड्रायव्हर कर्नलमध्ये बसतात, आणि बनवणाऱ्याने एआरएम६४ची आवृत्ती काढलेली नसेल, तर एआरएम विंडोजचं कोणतंही व्हर्च्युअल मशीन ती उणीव भरून काढत नाही. मॅक घेण्याआधी अशा उपकरणाच्या ड्रायव्हरची .inf फाइल उघडून पाहा. तिच्यात `NTARM64` सापडलं नाही, तर जुना इंटेल पीसी विकू नका.