दोन ठोक्यांमधला चढ

ऊर्ध्व महाशिरा हृदयाच्या उजव्या अलिंदाला जिथे मिळते, तिथे अलिंदाच्या भिंतीत साधारण दीड-दोन सेंटिमीटर लांबीचा एक चिंचोळा पट्टा असतो. त्याला सायनोएट्रिअल नोड किंवा थोडक्यात एसए नोड म्हणतात. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. निरोगी हृदयाचा प्रत्येक ठोका इथे सुरू होतो. इथून निघालेली विद्युत लहर आधी दोन्ही अलिंदांत पसरते, एव्ही नोडपाशी क्षणभर रेंगाळते आणि मग निलयांत उतरते. त्यानंतर निलये आकुंचन पावतात आणि मनगटावर नाडी लागते.

ठोका पडण्याचा हुकूम मेंदूकडून येतो, असा समज बराच पसरलेला आहे. तो खरा नाही. हृदय प्रत्यारोपणात दात्याचे हृदय काढताना त्याच्याकडे जाणाऱ्या सगळ्या चेता कापल्या जातात. तरीही ते हृदय दुसऱ्याच्या छातीत धडधडत राहते, आणि तेही सावकाश नव्हे, तर विश्रांतीतसुद्धा मिनिटाला साधारण ९० ते ११० वेळा. चेता शाबूत असलेल्या निरोगी माणसाची नाडी विश्रांतीत ७०च्या आसपास असते. चेता गेल्यावर हृदय मंदावत नाही, उलट वेगाने चालू लागते. एसए नोडचा स्वतःचा वेग मुळात जास्त असतो आणि चेता त्याला एरवी आवरून धरतात, असा याचा अर्थ होतो.

हा स्वतःचा वेग येतो कुठून, याचे उत्तर एकेका पेशीत सापडते. शरीरातील बहुतेक पेशींच्या पडद्याच्या आतली बाजू बाहेरच्या तुलनेत ऋणभारित असते. निलयाच्या स्नायूपेशीत दोन ठोक्यांच्या मधल्या काळात हा विभव उणे ९० मिलिव्होल्टच्या जवळ स्थिर राहतो आणि बाहेरून लहर येईपर्यंत ती पेशी गप्प असते. एसए नोडच्या गतिकारक पेशीला मात्र असा विसावाच नाही. ठोका संपताना तिचा विभव उणे ६० मिलिव्होल्टच्या आसपास उतरतो आणि लगेच हळूहळू वर सरकू लागतो. उणे ४०च्या जवळ उंबरठा लागला की पेशी आपणहून पेटते. दोन ठोक्यांमधल्या या संथ चढाला गतिकारक विभव म्हणतात. हृदयाचा वेग ठरतो तो याच चढात.

चढ घडवणारा एक महत्त्वाचा प्रवाह ऑक्सफर्डमध्ये ब्राउन, डिफ्रान्सेस्को आणि नोबल यांनी १९७९ मध्ये दाखवून दिला. उद्दीपनशील पेशींमधली परिचित सोडियम आणि कॅल्शियम चॅनेल विभव वर जाऊ लागला की उघडतात. हा प्रवाह त्याच्या उलट, विभव खाली गेल्यावर सुरू होतो, म्हणून त्याला फनी करंट हे नाव पडले. ठोका संपून पेशी खोल ऋण विभवाला पोचली की ही चॅनेल उघडू लागतात, मुख्यतः सोडियमचे धनभारित आयन आत झिरपतात आणि विभव वर चढतो. म्हणजे एका ठोक्याचा शेवटच पुढच्या ठोक्याची तयारी सुरू करतो. त्याच वेळी पोटॅशियमची बाहेर जाणारी गळती कमी होत जाते. चढाच्या उत्तरार्धात पेशीतील कॅल्शियमच्या साठ्यातून बारीक गळत्या होतात, ते कॅल्शियम बाहेर टाकताना त्याच्या बदल्यात सोडियम आत येतो आणि चढाला आणखी जोर मिळतो. फनी करंटचा वाटा मोठा की या कॅल्शियमच्या घड्याळाचा, यावर संशोधकांत अजून वाद आहे. दोन्ही एकमेकांच्या आधाराने चालतात, हे मत सध्या बळकट दिसते. उंबरठा ओलांडल्यावरची उसळी मात्र निर्विवादपणे कॅल्शियमच्या चॅनेलची असते. निलयाच्या पेशीत ती वेगवान सोडियम चॅनेलमुळे येते. एसए नोडची उसळी त्यामानाने मंद असते ती याच कारणाने.

चेता वेग कसा बदलतात, हे आता आकड्यांतून पाहता येईल. पुढचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेले आहेत, पण खऱ्या मोजमापांपासून फार दूर नाहीत. पेशी उणे ६०पासून उणे ४०पर्यंत चढते, म्हणजे २० मिलिव्होल्टचे अंतर. चढाचा वेग सेकंदाला ५० मिलिव्होल्ट धरला तर त्याला ०.४ सेकंद लागतात. पेटून पुन्हा खाली येण्यास ०.२ सेकंद धरले, तर एक फेरी ०.६ सेकंदाची होते आणि मिनिटाला १०० ठोके पडतात. चेता नसलेले हृदय साधारण असे चालते.

आता व्हेगस चेता काम करू लागते. मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतून निघून मान आणि छातीतून उतरणारी ही परानुकंपी चेता एसए नोडमध्ये अ‍ॅसिटिलकोलीन सोडते. त्यामुळे पेशीत दोन बदल होतात. पोटॅशियमची एक खास चॅनेल उघडतात, धनभार बाहेर जातो आणि पेशी अधिक खोलवर उतरते, समजा उणे ६४पर्यंत. शिवाय पेशीतील सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू कमी होतो, फनी करंटची चॅनेल सहजी उघडेनाशी होतात आणि चढ संथ होतो. अंतर २४ मिलिव्होल्ट आणि चढ सेकंदाला ४०चा झाला, तर चढण्यास ०.६ सेकंद आणि पूर्ण फेरीस ०.८ सेकंद लागतात. नाडी ७५वर येते. अंतर २५ आणि चढ २५चा झाला की फेरी १.२ सेकंदांची होते आणि नाडी ५० भरते. गाढ झोपेत किंवा लांब पल्ल्याच्या धावपटूमध्ये इतकी नाडी सहज आढळते.

अनुकंपी चेतांचे काम उलट दिशेने चालते. त्यांनी सोडलेले नॉरअ‍ॅड्रिनॅलीन बीटा-१ ग्राहींना चिकटते आणि सायक्लिक एएमपी वाढतो. हा रेणू फनी करंटच्या चॅनेलला थेट चिकटून तिला लवकर उघडतो, आणि कॅल्शियमची ये-जाही वाढवतो. चढ सेकंदाला ८० मिलिव्होल्टचा झाला तर २० मिलिव्होल्टला पाव सेकंद पुरतो. उसळीचा काळही आखडून ०.१५ सेकंदावर आला, की फेरी ०.४ सेकंदाची आणि नाडी १५० होते.

व्हेगस रसायनाच्या द्वारे काम करते, हे ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयांवर दाखवले. एका हृदयाची व्हेगस उत्तेजित करून त्याचा वेग कमी केला आणि त्याला वेढणारे द्रावण दुसऱ्या हृदयावर सोडले. दुसऱ्या हृदयाच्या चेतेला कोणीही हात लावलेला नव्हता, तरी तेही मंदावले. लोवी आणि हेन्री डेल यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

दोन्ही चेतांच्या कामात एक फरक आहे, आणि त्याकडे सहसा पुरेसे लक्ष दिले जात नाही. व्हेगसचा परिणाम एकदोन ठोक्यांत दिसतो, कारण पोटॅशियमची चॅनेल ग्राहीला जवळजवळ थेट जोडलेली असतात आणि अ‍ॅसिटिलकोलीनचे विघटनही झटपट होते. अनुकंपीचा परिणाम सुरू होण्यास एकदोन सेकंद लागतात आणि तो पूर्ण भरात येण्यास वीसेक सेकंदांहून अधिक वेळ जातो, कारण मध्ये रासायनिक पायऱ्यांची साखळी असते. श्वास आत घेताना नाडी थोडी वाढते आणि सोडताना कमी होते. इतका जलद बदल व्हेगसच करू शकते.

आडवा पडलेला माणूस उठून उभा राहतो तेव्हा हा सगळा व्यवहार एकत्र पाहता येतो. उभे राहताच अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त पोटाच्या आणि पायांच्या शिरांत उतरते. हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि रक्तदाब क्षणभर घसरतो. मानेतील कॅरोटिड सायनस आणि महाधमनीची कमान इथले दाबग्राही लंबमज्जेला कमी संदेश पाठवू लागतात. त्यावर लंबमज्जा पहिल्यांदा व्हेगसचा लगाम सैल सोडते. नाडी पहिल्या काही सेकंदांतच वाढते आणि पंधराव्या ठोक्याच्या सुमारास सर्वात वेगवान होते. तोवर अनुकंपी चेतांनी रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, रक्तदाब सावरतो, दाबग्राही पुन्हा बोलू लागतात आणि व्हेगस परत येते. तिसाव्या ठोक्याच्या सुमारास नाडी पुन्हा काहीशी मंदावते.

हा चढउतार ईसीजीवर मोजता येतो. तिसाव्या ठोक्याजवळचे सर्वात मोठे अंतर भागिले पंधराव्या ठोक्याजवळचे सर्वात लहान अंतर, असे गुणोत्तर काढतात. निरोगी माणसात पहिले ०.७२ आणि दुसरे ०.६० सेकंद असेल तर उत्तर १.२ येते. १.०४ किंवा अधिक असेल तर सामान्य मानतात. १.०० किंवा त्याहून कमी आले, तर व्हेगसचे काम बिघडल्याची शंका घेतात. वयानुसार हा प्रतिसाद क्षीण होतो आणि बीटा ब्लॉकरसारख्या औषधांचाही त्यावर परिणाम होतो. म्हणून एकट्या आकड्यावरून निदान करत नाहीत, दीर्घ श्वासाची चाचणी आणि उभे राहिल्यावरचा रक्तदाबही पाहतात.

अशी बिघडलेली व्हेगस सर्वात जास्त आढळते ती दीर्घकाळच्या मधुमेहात. वाढलेल्या साखरेचा मारा लांब चेतांना आधी बसतो आणि व्हेगस ही शरीरातील फार लांब चेतांपैकी एक आहे. तिचा लगाम सुटला की नाडी विश्रांतीतही ९०-१००वर राहते आणि श्वासानुसार फारशी बदलत नाही. प्रत्यारोपित हृदयासारखेच हे चित्र आहे. पुढे अनुकंपी चेताही निकामी होऊ लागल्या की उभे राहताच रक्तदाब पडतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. याच आजारात हृदयाकडून येणाऱ्या वेदनेच्या चेताही बधिर होऊ शकतात, त्यामुळे हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. बऱ्याच वर्षांपासून मधुमेह असलेल्या ज्या माणसाची नाडी बसल्या जागी सतत नव्वदच्या वर लागते किंवा ज्याला उभे राहताच भोवळ येते, त्याने ते अशक्तपणावर ढकलू नये. आडवे आणि उभे अशा दोन्ही स्थितींत ईसीजी आणि रक्तदाब तपासून घेण्याविषयी डॉक्टरांना विचारावे.