कमीत कमीचे जास्तीत जास्त, आणि एका चलाचे दोन

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी 1945 मध्ये एक प्रश्न मांडला. प्रौढ माणसाला लागणारी सगळी पोषणद्रव्ये मिळतील असा वर्षभराचा आहार कमीत कमी किती पैशांत बसवता येईल? 77 पदार्थ आणि 9 पोषणद्रव्ये घेऊन, बऱ्याच अंशी अंदाजाने आणि चतुराईने, त्यांनी 1939 च्या दरांनुसार 39.93 डॉलर हे उत्तर काढले. दोन वर्षांनी जॉर्ज डान्टझिग यांनी सिम्प्लेक्स पद्धत शोधली आणि तिची पहिली मोठी परीक्षा याच प्रश्नावर झाली. हाताने चालवायच्या गणनयंत्रांवर सुमारे 120 मनुष्यदिवस खर्ची पडले. उत्तर आले 39.69 डॉलर. म्हणजे स्टिग्लर अवघे 24 सेंट चुकले होते.

या प्रश्नात दोन गोष्टी दडलेल्या आहेत. एक, इथे खर्च कमीत कमी करायचा आहे. दोन, कोणताही पदार्थ उणे प्रमाणात खाता येत नाही, त्यामुळे प्रत्येक चल शून्य किंवा त्याहून मोठा असणार हे सांगावेही लागत नाही. व्यवहारातले सगळेच प्रश्न इतके सोयीचे नसतात. पद्धत मात्र प्रश्न ठरावीक साच्यातच मागते. या साच्याला प्रमाण रूप म्हणतात. ते सगळीकडे एकसारखे नाही: डान्टझिग स्वतः कमीत कमी आणि समीकरणे अशी मांडणी करत, तर संगणकशास्त्राच्या अनेक पाठ्यपुस्तकांत उद्दिष्ट जास्तीत जास्त करायचे, अटी ‘पेक्षा जास्त नाही’ अशा आणि सगळे चल ऋण नसलेले, असा साचा असतो. इथे हा दुसरा साचा घेऊ.

एक छोटा, कल्पित पण ओळखीचा हिशेब पाहा. सांगली भागातल्या एका डेअरीला रोज शहरात नेमके 600 लिटर दूध पोचवायचे आहे. गावच्या संकलन केंद्रावर 40 रुपये लिटरने दूध मिळते, पण 800 लिटरपेक्षा जास्त नाही. शेजारच्या मोठ्या डेअरीशी टँकरने देवाणघेवाण चालते. कमी पडले तर तिथून 45 रुपयांनी घ्यायचे, उरले तर त्याच दराने तिला द्यायचे. रोजचा खर्च कमीत कमी कसा होईल?

गावातून घेतलेले दूध x आणि टँकरचे दूध y मानले तर प्रश्न असा उभा राहतो: 40x + 45y कमीत कमी करायचे; x + y = 600; x ≤ 800; x ≥ 0. y बद्दल काहीच म्हटलेले नाही, कारण तो दोन्ही बाजूंना जाऊ शकतो. y = 100 म्हणजे 100 लिटर विकत घेतले, y = −100 म्हणजे 100 लिटर विकले. अशा चलाला मुक्त चल म्हणतात.

यातली पहिली दुरुस्ती सोपी आहे. खर्च सर्वांत कमी जिथे होतो, तिथेच उणे खर्च सर्वांत जास्त होतो. 23,000 हे 24,000 पेक्षा लहान आहे, म्हणून −23,000 हे −24,000 पेक्षा मोठे आहे. एवढाच आधार पुरतो. म्हणून ‘40x + 45y कमीत कमी’ ऐवजी ‘−40x − 45y जास्तीत जास्त’ असे लिहायचे. x आणि y च्या उत्तरात काही फरक पडत नाही. उद्दिष्टाची किंमत तेवढी उलट चिन्हाने येते, आणि शेवटी ती पुन्हा उलटवायची असते.

तरीही चुका होतात त्या इथेच. काही विद्यार्थी उद्दिष्टाबरोबर अटींचीही चिन्हे बदलतात. त्याची काही गरज नाही. कोणते पर्याय शक्य आहेत हे अटी ठरवतात, आणि त्या पर्यायांतून कशाच्या मागे जायचे हे उद्दिष्ट ठरवते. उद्दिष्ट बदलले म्हणून शक्य पर्याय बदलत नाहीत. ‘पेक्षा कमी नाही’ अशी अट साच्यात बसवायला तिला −1 ने गुणून चिन्ह उलटवतात खरे, पण ते काम वेगळे आहे. दुसरी चूक याहून मोठी: कमीचे जास्त करायचे म्हणून कुणी खर्चाचा व्यस्त घेतो, म्हणजे एक भागिले खर्च. खर्च धन असेल तर तर्क बरोबर ठरतो, पण सरळ रेषेचे सूत्र वक्र होते आणि सिम्प्लेक्सला ते सोडवता येत नाही.

आता y कडे वळू. त्याला ऋण होऊ दिले तर अडचण काय? उत्तर सिम्प्लेक्सच्या चालीत आहे. ही पद्धत एक चल वाढवत नेते. तो वाढताना इतर चल घटू लागतात, आणि त्यांपैकी पहिला चल शून्यावर आदळला की थांबते. मग त्या शून्य झालेल्या चलाची जागा दुसरा घेतो. म्हणजे कुठे थांबायचे हे शून्याच्या भिंतीवरून कळते. मुक्त चलाला ही भिंतच नसते. तो शून्य ओलांडून खाली जातच राहतो, आणि साध्या नियमाला थांबायची खूण सापडत नाही.

उपाय असा की y च्या जागी दोन चल घ्यायचे: y = u − v, आणि u व v दोन्ही शून्य किंवा त्याहून मोठे. कोणतीही संख्या, धन असो वा ऋण, दोन ऋण नसलेल्या संख्यांची वजाबाकी म्हणून लिहिता येते. इथे तर या दोघांना व्यवहारातला अर्थही आहे. u म्हणजे विकत घेतलेले दूध, v म्हणजे विकलेले. y जिथे जिथे येतो तिथे तिथे, उद्दिष्टात आणि प्रत्येक अटीत, u − v घालायचे. एकही जागा सुटता कामा नये. x + y = 600 हे समीकरणही साच्यात बसत नाही, म्हणून त्याच्या दोन असमानता करतात. एक म्हणते 600 पेक्षा जास्त नाही, दुसरी म्हणते कमी नाही. शेवटी प्रश्न असा दिसतो:

```
जास्तीत जास्त:  −40x − 45u + 45v
अटी:   x + u − v ≤ 600
      −x − u + v ≤ −600
       x         ≤ 800
       x, u, v ≥ 0
```

सिम्प्लेक्सची पावले खर्चाच्या भाषेत पाहिली तर ही युक्ती काय करते ते दिसते. समजा सुरुवातीला गावातून काहीच घेतले नाही. सगळे 600 लिटर टँकरचे, खर्च 27,000 रुपये. आता x वाढवला की प्रत्येक लिटरमागे टँकरचा एक लिटर घटतो आणि 5 रुपये वाचतात. x 600 ला पोचतो तेव्हा u शून्यावर येतो. खर्च 24,000. y ला ऋण होण्याची मुभा नसती तर उत्तर इथेच थांबले असते. पण v अजून बाहेर उभा आहे. u बाहेर गेला की v आत येतो: गावातून आणखी एक लिटर 40 रुपयांनी घ्यायचा आणि टँकरला 45 रुपयांनी द्यायचा, पुन्हा 5 रुपये फायदा. हे 800 लिटरच्या मर्यादेपर्यंत चालते. x = 800, u = 0, v = 200. उद्दिष्टाची किंमत −23,000, म्हणून खरा खर्च 23,000 रुपये. मूळ y म्हणजे u − v, अर्थात −200: रोज 200 लिटर विकायचे.

एक शंका इथे रास्त आहे. y = −200 हे u = 0, v = 200 असे लिहिता येते, तसेच u = 300, v = 500 असेही लिहिता येते, आणि खर्च तोच राहतो. मग पद्धत कोणते देईल? सिम्प्लेक्स नेहमी पहिल्या प्रकारचे देते. u आणि v चे सहगुणक प्रत्येक अटीत एकमेकांच्या अगदी उलट असतात, म्हणून हे दोघे एकाच वेळी आधारभूत चलांच्या यादीत बसू शकत नाहीत. निदान एक शून्य राहतोच. शक्य प्रदेशाच्या आतून वाट काढणाऱ्या आंतरबिंदू पद्धतींना मात्र ही खात्री नाही. तिथे u आणि v दोघेही हातात हात घालून वाढत जाऊ शकतात, आणि प्रचंड संख्यांच्या वजाबाकीत अचूकता हरवते. अशा ठिकाणी फोड न करता मुक्त चलाला वेगळी वागणूक देणे बरे.

फोड केल्याचा एक फायदा असा की घेण्याचे आणि विकण्याचे दर वेगळे ठेवता येतात. घेणे 45 रुपये आणि विकणे 43 रुपये असेल तर u चा सहगुणक −45 राहतो आणि v चा 43 होतो. उत्तर अजूनही 800 आणि 200 असेच येते, पण खर्च 23,400. उलट, चुकून विक्रीचा दर 46 लिहिला गेला तर प्रत्येक लिटर 45 ने घेऊन 46 ने विकता येतो, u आणि v बरोबरीने हवे तितके वाढतात, आणि प्रश्न अमर्याद असल्याचा संदेश येतो. असा संदेश दिसला की फोड केलेल्या जोड्यांचे दर आधी तपासावेत.

संगणकावर काम करताना धोका वेगळाच आहे, कारण तिथे चुकीला आवाज नसतो. पायथॉनच्या सायपाय संचातले linprog मुळातच कमीत कमी करते, त्यामुळे या डेअरीसाठी उद्दिष्ट उलटवायची गरज नाही. पण मर्यादा सांगितल्या नाहीत तर ते प्रत्येक चल शून्याच्या वरच धरते:

```python
from scipy.optimize import linprog
linprog([40, 45], A_ub=[[1, 0]], b_ub=[800],
        A_eq=[[1, 1]], b_eq=[600])
```

उत्तर येते 24,000, आणि सोबत यशाचा शेराही. रोजचे 1,000 रुपये गेले, तरी चुकीची खूण कुठेच नाही. `bounds=[(0, None), (None, None)]` एवढे जोडले की 23,000 मिळतात. एक्सेलच्या सॉल्व्हरमध्येही चलांना ऋण होऊ न देणारी चौकट आधीपासून टिक केलेली असते. ज्या चलाला ऋण होण्याचे कारण आहे तो उत्तरात नेमका शून्यावर चिकटलेला दिसला, तर आधी हीच नोंद उघडून पाहावी.

मुक्त चलाला दुसरीही वाट आहे. तो एखाद्या समीकरणात असेल तर त्याला तिथूनच काढून टाकता येते. y = 600 − x. मग खर्च होतो 27,000 − 5x. चल एकच उरला, त्याला 800 ची मर्यादा, उत्तर 23,000. फक्त 27,000 हा स्थिरांक बाजूला लिहून ठेवावा लागतो, कारण सोडवणारी प्रणाली बहुधा फक्त −5x पाहते आणि −4,000 असे उत्तर देते.

उलटवलेल्या चिन्हाचा परिणाम शॅडो प्राइसवरही होतो. शहराची मागणी 601 लिटर झाली तर विक्रीतला एक लिटर कमी होतो आणि खर्च 23,045 होतो. म्हणजे वाढीव लिटरची किंमत 45 रुपये, गावचे दूध 40 ने मिळत असले तरी. उलटवलेल्या प्रश्नात हीच संख्या −45 अशी दिसते. व्यवस्थापकाने ती तशीच वाचली, तर मागणी वाढल्याने खर्च घटतो असा अर्थ त्याच्या हाती पडेल.