आठ टेबलांचं स्थलांतर

लहान ऑफिस हलवताना कपाटं हरवत नाहीत, हरवतात ते अडॅप्टर. समजा, आठ टेबलांचं एक सी.ए. ऑफिस सदाशिव पेठेतून बाणेरला निघालंय. (महिन्याची २० तारीख टाळून, कारण तेव्हा जीएसटीची धावपळ असते.) नव्या जागेच्या नकाशावर आधी टेबलांना क्रमांक द्यायचे आणि प्रत्येक टेबलाचा एक कागद करायचा: संगणक, मॉनिटर, फोन, खणाची किल्ली, खोकी किती. तो ज्याचं टेबल त्यानेच भरावा. दुसऱ्याला किल्ली कुठे असते ते ठाऊक नसतं.

वायरी काढण्याआधी मागच्या बाजूचा फोटो घ्या. मग वायरीच्या दोन्ही टोकांना ‘टे-३, मॉनिटर’ असं लेबल लावा. एकाच टोकाला लावलं, तर गुंत्यात दुसरं टोक कुणाचं ते कळत नाही. अडॅप्टरवर वेगळं लेबल हवंच. मॉनिटरचा १९ व्होल्टचा अडॅप्टर कधीकधी १२ व्होल्टच्या राउटरमध्ये बिनबोभाट बसतो, आणि राउटर जळू शकतो.

टेम्पोत शेवटी चढवाल ते आधी उतरेल. म्हणून राउटर, स्विच आणि एक्स्टेन्शन बोर्डांचं खोकं सगळ्यांत शेवटी चढवा. पोचल्यावर आधी इंटरनेट, मग सर्व्हर, मग एकच टेबल पूर्ण जोडून फाइल उघडते का, प्रिंट निघते का ते पाहा. ते जमलं की बाकीची सात. जुन्या फायलींची खोकी आठवडाभर बंद राहिली तरी चालतात.