घाटात इंजिन टणटणतं तेव्हा

वाई सोडून पसरणी घाट चढू लागलो आणि दुसऱ्याच वळणावर बॉनेटखालून आवाज आला. पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसा, बारीक आणि टणटणीत. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की आवाज बंद, पुन्हा दाबला की सुरू. माझी गाडी जुनी, तीन सिलिंडरची, ८०० सीसीची. सकाळीच एका पंपावर टाकी भरली होती, म्हणून सगळा राग त्या पेट्रोलवर निघाला. पेट्रोल दोषी होतंच, पण एकटं नव्हतं.

गॅरेजच्या भाषेत हे ‘नॉकिंग’. पिस्टन वर पोहोचायच्या थोडं आधी प्लग ठिणगी टाकतो आणि तिथून ज्वाळा पसरत जाते. तिच्यापुढचं, अजून न जळलेलं मिश्रण या वेळी दाबलं जात असतं, तापत असतं. ज्वाळा पोहोचायच्या आत ते आपोआप पेटलं, तर दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात. तोच तो टणटणाट. चढावर वरच्या गिअरमध्ये जोर दिला की सिलिंडर भरगच्च भरतो, दाब वाढतो. फेरे कमी असल्यामुळे मिश्रणाला तापायला वेळही जास्त मिळतो. सपाट रस्त्यावर मुकी असलेली गाडी घाटात बोलते ती म्हणून.

पेट्रोल असं अवेळी पेटायला किती विरोध करतं, ते ऑक्टेनचा आकडा सांगतो. आपल्याकडे साध्या पेट्रोलचा हा आकडा बराच काळ ९१ होता. रॉकेलचा त्याहून खूपच कमी असतो, त्यामुळे रॉकेलची थोडी भेसळही हा विरोध ढिला करते. आमच्या मिस्त्रींनी आधी स्वस्तातली तपासणी केली. टाकी रिकामी करून दुसरीकडचं खात्रीचं पेट्रोल भरलं आणि त्याच घाटात गाडी नेली. आवाज निम्म्यावर आला, पण खड्या चढावर उरलाच.

मग त्यांनी विचारलं, “मागच्या महिन्यात पॉइंट बदललेत ना? त्यानंतर टायमिंग पाहिलं होतं का?” नव्हतं पाहिलं. पॉइंटची फट जास्त राहिली की ते लवकर उघडतात आणि ठिणगीही लवकर पडते. व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद केलं, इंजिन मंद चालू ठेवलं आणि पुलीवरच्या खुणेवर टायमिंग लाइटचा झोत धरला. खूण ६ अंशांवर दिसायला हवी होती, दिसली ११ वर. म्हणजे ठिणगी ५ अंश आधी पडत होती. पिस्टन अजून वर चढत असतानाच दाब फुगायचा आणि उरलेलं मिश्रण दोन्हीकडून चेपलं जायचं. आधी फट नीट केली, मग डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून खूण जागेवर आणली. ठिणगी गरजेपेक्षा उशिरा नेणंही वाईटच. आवाज जातो, पण ताकद घटते आणि एक्झॉस्टची बाजू फार तापते.

तरी शेवटच्या वळणांवर पुसट आवाज राहिला. चावी काढल्यावरही इंजिन दोन-तीन आचके देत होतं. लाल झालेली काजळी ठिणगीशिवायच मिश्रण पेटवते, त्याची ही खूण. हेड उतरवलं तर पिस्टनवर आणि हेडवर काळी खपली धरलेली. जाडी फार तर पोस्टकार्डाइतकी, पाव मिलिमीटर. एवढ्यानं काय होतं, याचा हिशेब मिस्त्रींनी कागदावर मांडला. एका सिलिंडरची क्षमता २६६ सीसी. दाबाचं प्रमाण ९ धरलं, तर पिस्टन वर असताना राहणारी जागा सुमारे ३३ सीसी. काजळीनं त्यातली २ सीसी खाल्ली की प्रमाण ९ वरून साडेनऊवर जातं. इंजिन ज्या पेट्रोलसाठी बनवलं, त्यापेक्षा चांगलं पेट्रोल मागू लागतं. शिवाय काजळी उष्णता धरून ठेवते ती वेगळीच.

शहरातल्या छोट्या फेऱ्यांनी वर्षानुवर्षं साचवलेली काजळी, महिन्याभरापूर्वी पुढे सरकलेलं टायमिंग आणि सकाळचं पेट्रोल. प्रत्येकानं इंजिनच्या सहनशक्तीतून थोडं थोडं काढून घेतलं होतं. पंपावरच्या टाकीनं फक्त उरलेलं संपवलं.

म्हणून आवाज कधीपासून आला, हे आधी आठवावं. टाकी भरल्याबरोबर आला तर पेट्रोल, गॅरेजमधून आल्यावर आला तर टायमिंग, महिन्यामहिन्यांनी वाढत आला तर काजळी. घाटात ऐकू आला, तर तिथल्या तिथे खालचा गिअर टाकावा आणि अ‍ॅक्सिलरेटर हलका करावा. तसाच दामटत राहिलं, तर पिस्टनच्या कडा झिजतात, रिंगांच्या खाचा तुटतात. नव्या गाड्यांत ब्लॉकवरचा नॉक सेन्सर हा आवाज आधी ओळखतो आणि ठिणगी मागे नेतो. त्यामुळे कानाला काहीच कळत नाही. घाटात गाडी ओढत नाही आणि अ‍ॅव्हरेज पडतं, एवढंच जाणवतं. तीही तीच तक्रार असू शकते.