तीन आणि आठची नाणी

मुलांनो, समजा तुम्ही जालन्याच्या बाजारात मोसंबी घ्यायला गेला आहात. तुमच्या खिशात फक्त दोन प्रकारची नाणी आहेत : काही ३ रुपयांची आणि काही ८ रुपयांची. नाणी हवी तितकी आहेत, पण दुकानदाराकडे सुटे पैसे मुळीच नाहीत. अशी नाणी खरोखर नाहीत. १९६४ साली आपल्या देशात तीन पैशांचे नाणे मात्र निघाले होते. ते आज चलनात नाही.

मोसंबीचे ११ रुपये झाले, तर एक ८ चे आणि एक ३ चे नाणे द्या. १४ झाले, तर एक ८ चे आणि दोन ३ ची द्या. पण १० रुपये झाले तर? ८ चे एक नाणे दिले की २ उरतात आणि नुसत्या ३ च्या नाण्यांनी १० होत नाहीत. म्हणजे १० रुपये नेमके देता येत नाहीत. मग देता न येणारी सर्वांत मोठी रक्कम कोणती?

एकेक रक्कम तपासत बसलो, तर कोठे थांबावे ते कळणार नाही. म्हणून सर्व रकमा तीन रांगांत लावू. रक्कम ३ ने भागली की बाकी ०, १ किंवा २ उरते. ज्यांची बाकी सारखी, त्या एका रांगेत.

बाकी ० ची रांग अशी : ३, ६, ९, १२... या सर्व रकमा ३ च्या नाण्यांनी देता येतात.

बाकी २ ची रांग अशी : २, ५, ८, ११... येथे ८ चे एक नाणे तरी लागतेच. म्हणून २ आणि ५ देता येत नाहीत. ८ पासून पुढे दर वेळी ३ चे एक नाणे वाढवत जा.

बाकी १ ची रांग अशी : १, ४, ७, १०, १३, १६... ८ च्या एका नाण्याची बाकी २ असते. दोन नाण्यांचे १६ होतात आणि त्यांची बाकी १. म्हणून या रांगेत १६ पासूनच पैसे देता येतात. त्याआधीची रक्कम १३.

तेव्हा उत्तर १३. देता न येणाऱ्या रकमा सातच : १, २, ४, ५, ७, १० आणि १३. १४ पासून पुढची प्रत्येक रक्कम देता येते.

आता ३ आणि ६ ची नाणी घ्या. दोन्ही ३ च्या पटीत आहेत, म्हणून बाकी १ आणि २ च्या रांगा कायम रिकाम्या राहतात. तेथे सर्वांत मोठी अशी रक्कमच नाही. दोन्ही नाण्यांना १ शिवाय दुसरा सामाईक विभाजक नसेल, तरच उत्तर सापडते.

५ आणि ८ च्या नाण्यांचे उत्तर वहीत काढा. यावेळी रांगा पाच होतील. उत्तर २७ आले, तर तुम्हाला रीत समजली.