पहिल्या जागेचं श्रेय कुणाचं?

दिवाळीच्या तोंडावर खरेदीच्या एखाद्या संकेतस्थळावर ‘आकाशकंदील’ असं शोधलं की सगळ्यात वर एक कंदील दिसतो. तो तिथे दोन वाटांनी पोहोचतो. एक तर क्रमवारी लावणाऱ्या मॉडेलने जुने क्लिक आणि खरेदी पाहून त्याला वर आणलेलं असतं, नाहीतर दुकानातल्या कुणीतरी हाताने नियम लिहून त्याला तिथे ‘पिन’ केलेलं असतं. सोलर या शोधप्रणालीत असा नियम `elevate.xml` या फायलीत लिहितात:

```
<query text="आकाशकंदील">
  <doc id="4711"/>
  <doc id="208" exclude="true"/>
</query>
```

४७११ क्रमांकाचा कंदील पहिला येणार, २०८ यादीतूनच बाद. काही दुकानं बाद न करता माल तळाशी ढकलतात.

नियम लिहिण्यात गैर काही नाही. नव्या मालाचे क्लिकच नसतात, मग मॉडेल त्याला ओळखणार कसं? सदोष म्हणून परत मागवलेली वस्तू तर हातानेच काढावी लागते. खरी गडबड पुढे होते, कारण मॉडेल उद्या जे शिकणार ते याच यादीवरच्या क्लिकमधून.

समजा, पहिली जागा शंभरपैकी शंभर जण पाहतात आणि पाचवी फक्त वीस. पिन केलेल्या कंदिलाला १० क्लिक मिळाले, पाचव्याला ४. नुसते क्लिक मोजले तर पहिला सरस वाटतो. पण पाचवा ज्या विसांनी पाहिला त्यांतल्या चौघांनी, म्हणजे २० टक्क्यांनी, तो उघडला. पहिल्याच्या बाबतीत हे प्रमाण १० टक्केच आहे. जागेचा हिशेब न धरणारं मॉडेल पिन केलेलाच कंदील चांगला मानतं आणि नियम काढल्यावरही काही काळ त्याला वरच ठेवतं.

यावर उपाय आहे. थोड्या ग्राहकांपुरती पहिल्या आणि पाचव्या वस्तूची अदलाबदल करायची. तोच माल पहिल्या जागी १० आणि पाचव्या जागी २ क्लिक मिळवत असेल, तर पाचवी जागा पाहिली जाण्याचं प्रमाण पहिलीच्या एक पंचमांश आहे. मग पाचव्या जागेवरच्या प्रत्येक क्लिकचं वजन पाचपट धरायचं. जोआकिम्स, स्वामिनाथन आणि श्नाबेल यांनी २०१७ साली मांडलेल्या पद्धतीचा गाभा हाच.

पण तळाशी ढकललेल्या कंदिलाला हा उपाय लागू पडत नाही. तो कुणी पाहिलाच नाही तर क्लिक शून्य, आणि शून्याला कितीही पटींनी गुणलं तरी शून्यच. चुकून एखादा क्लिक आला तर त्याचं वजन शेकडो पटींनी फुगतं आणि त्या एकाच क्लिकवर निकाल झुलू लागतो. म्हणून वर चढवण्यापेक्षा दडवण्याचा नियम मला जास्त धोक्याचा वाटतो. पिनची चूक आकडेमोडीत सापडते. दडवलेल्या मालाबद्दलची माहिती गोळाच होत नाही.

असे नियम लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे: दडवण्याच्या प्रत्येक नियमाला संपण्याची तारीख घाला, आणि सदोष माल सोडून बाकीचा थोड्या ग्राहकांना तरी वर दाखवत राहा.